चिंचेआडची सिगारेट

2024 च्या ऑगस्टमध्ये न्हावा शेवा बंदरात एक कंटेनर महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, अडवला. कागदोपत्री आत चिंच होती आणि उघडल्यावर चिंच दिसलीही. ती बाजूला काढल्यावर मात्र मागे सिगारेटची खोकी निघाली. मोजदाद संपली तेव्हा आकडा 67 लाखांच्या वर गेला होता. बाजारभावाने त्या मालाची किंमत दहा कोटी रुपयांच्या आसपास होती.

त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल 2023 मध्ये, याच बंदरातून निघालेल्या एका कंटेनरचा डीआरआयने पाठलाग केला. बंदरातून निघालेला माल आधी तपासणीच्या ठिकाणी जायला हवा. हा कंटेनर वाट वाकडी करून एका खासगी गोदामात शिरला. तिथे कागदपत्रांत दाखवलेला माल आधीच आणून ठेवलेला होता. कंटेनरमधल्या सिगारेटी उतरवायच्या, त्यांच्या जागी तो साधा माल भरायचा आणि मग निर्धास्तपणे सीमाशुल्क अधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं, असा बेत होता. अदलाबदल होण्याआधीच छापा पडला. त्या एका कंटेनरमध्ये 1 कोटी 20 लाख सिगारेटी होत्या आणि त्यांची किंमत 24 कोटी रुपये लावली गेली.

ही युक्ती नीट समजून घेण्याजोगी आहे. इथे कोणी रात्रीच्या अंधारात होडीतून माल उतरवत नव्हतं. कंटेनर भरदिवसा, आयातदाराच्या नावाने, रीतसर कागद घेऊन आला होता. वर्षाला 70 लाखांहून अधिक कंटेनरांची, म्हणजे वीस फुटी मापाने मोजल्या जाणाऱ्या कंटेनरांची, ये-जा होणाऱ्या बंदरात प्रत्येक डबा उघडून पाहणं अशक्य असतं. मग कोणता उघडायचा हे जोखमीचा अंदाज बांधून ठरतं. आयातदार नवा आहे का, मालाच्या मानाने वजन जुळतं का, जहाज कुठून आलं, एवढ्या भाड्यात एवढा स्वस्त माल आणणं परवडतं तरी का, हे प्रश्न आधी विचारले जातात. स्कॅनरच्या चित्रात दाट भरलेली चौकोनी खोकी दिसली की संशय बळावतो. म्हणूनच चिंचेसारखा ओबडधोबड माल पुढे रचला जातो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर सिगारेटच्या किमतीत दडलेलं आहे. सिगारेट बनवायला फार थोडा खर्च येतो. मोठ्या कारखान्यात यंत्रं मिनिटाला हजारोंनी कांड्या ओकतात आणि स्वस्तातल्या मालात एका कांडीचा खर्च रुपया-दोन रुपयांच्या पुढे क्वचितच जातो. ग्राहक मोजतो ते बाकीचे पैसे बहुतांशी कराचे असतात. भारतात अलीकडच्या वर्षांपर्यंत सिगारेटच्या किरकोळ किमतीत सगळ्या करांचा वाटा साधारण 53 टक्के होता. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तो 75 टक्क्यांवर नेण्याची आहे.

भारतातला हा कर सिगारेटच्या लांबीवर ठरतो. कांडी जितकी लांब तितका हजारी दर जास्त. 2023 मध्ये 75 मिलिमीटरपेक्षा लांब सिगारेटवर जीएसटीच्या 28 टक्क्यांशिवाय 36 टक्के उपकर होता आणि त्यावर हजार कांड्यांमागे 4,170 रुपये ठरीव रक्कम होती. यातल्या शेवटच्या रकमेचाच हिशेब त्या 24 कोटींच्या कंटेनरला लावून पाहू. माल किंग साइजचा धरला, तर 1 कोटी 20 लाख कांड्या म्हणजे बारा हजार हजारी. त्याला 4,170 ने गुणलं की 5 कोटी रुपये होतात. टक्केवारीतला जीएसटी, टक्केवारीतला उपकर आणि आयात शुल्क यांतलं काहीच अजून धरलेलं नाही.

1 फेब्रुवारी 2026 पासून ही रचना बदलली. भरपाई उपकर गेला, जीएसटी 40 टक्के झाला आणि उत्पादन शुल्क लांबीनुसार हजार कांड्यांमागे 2,050 ते 8,500 रुपये असं नव्याने ठरलं. सर्वांत वरच्या दराने त्याच कंटेनरचा हिशेब केला तर ठरीव रक्कमच 10 कोटींच्या वर जाते. तस्कराच्या दृष्टीने पाहिलं तर दोन-तीन कंटेनर पकडले गेले आणि एक निसटला तरी धंदा तोट्यात जाईलच असं नाही. म्हणून पकडलेल्या मालाच्या आकड्यावरून सुटलेल्या मालाचा अंदाज बांधणं धोक्याचं असतं. जप्ती वाढली म्हणजे तस्करी वाढली, की पहारा चांगला झाला, हे त्या आकड्यातून कळत नाही.

सरसकट ‘नकली सिगारेट’ म्हटलं जातं, पण त्यात वेगवेगळा माल येतो आणि प्रत्येकाची चाल निराळी असते. पहिली जात अस्सल परदेशी मालाची. तो त्याच्या देशात कायदेशीर असतो, फक्त इथे कर चुकवून येतो. लवंगेच्या वासाची इंडोनेशियन ‘गुडांग गरम’ किंवा कोरियातली सडपातळ ‘एसे’ ही नावं मुंबईच्या जप्त्यांमध्ये वारंवार दिसतात. दुसरी जात खऱ्या अर्थाने बनावट असते. खपणाऱ्या ब्रँडचं पाकीट हुबेहूब छापून आत भलताच तंबाखू भरलेला असतो. तिसऱ्या जातीला या क्षेत्रातले लोक ‘चीप व्हाइट’ म्हणतात. हे ब्रँड कुठल्यातरी मुक्त व्यापार क्षेत्रातल्या कारखान्यात परवाना घेऊनच बनतात, पण त्यांना स्वतःची अशी बाजारपेठ जवळजवळ नसते. दुसऱ्या देशात चोरून विकले जावेत यासाठीच ते काढलेले असतात. रशियातल्या कालिनिनग्राडमध्ये बनणारी ‘जिन लिंग’ ही त्यातली युरोपात गाजलेली. आपल्याकडे असा माल दुबईजवळच्या जेबेल अलीसारख्या बंदरांतून समुद्रमार्गे येतो, तसाच म्यानमारची सीमा ओलांडून मिझोरमच्या चंफाईकडून जमिनीवरूनही येतो.

चौथी जात सगळ्यांत कमी चर्चेत असते, कारण ती देशातच बनते. कारखाना नोंदलेला असतो, पण रात्रपाळीतलं उत्पादन वहीत चढत नाही. या मालाला बंदर ओलांडावं लागत नाही, त्यामुळे स्कॅनर त्याला पकडू शकत नाही. अशा मालाची एक खूण मात्र लपत नाही. वीस कांड्यांच्या पाकिटावर जेवढा कर भरायलाच हवा, त्याहूनही कमी किमतीला ते पाकीट मिळत असेल, तर कर भरलेला नाही हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

या मालाने कराचं धोरण नेमकं कसं पोखरलं जातं, हे दोन पातळ्यांवर पाहावं लागतं. सरकारचा महसूल बुडतो ही पहिली आणि सहज दिसणारी पातळी. दुसरी जास्त गंभीर आहे. सिगारेटवरचा कर केवळ तिजोरी भरण्यासाठी नसतो. किंमत दहा टक्क्यांनी वाढली तर मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत सिगारेटचा खप साधारण पाच टक्क्यांनी घटतो, असं जगभरच्या अभ्यासांतून दिसून आलं आहे. खिशात मोजके पैसे असलेली मुलं आणि गरीब लोक किमतीला सर्वांत लवकर दाद देतात. तस्करीचा माल नेमका हा परिणाम मोडून काढतो. कायदेशीर पाकीट महागलं की ओढणाऱ्यापुढे पूर्वी दोनच वाटा असायच्या, कमी ओढायची किंवा सोडायची. आता तिसरी वाट टपरीवरच उघडलेली असते.

पण इथेच एक सावधगिरी लागते, आणि ती न बाळगल्यामुळे अनेक देशांची धोरणं भरकटली आहेत. दर अर्थसंकल्पाच्या आधी सिगारेट उद्योगाकडून एकच युक्तिवाद ऐकू येतो, की कर वाढवाल तर तस्करी वाढेल. त्याला जोडून आकडाही दिला जातो. भारतात विकली जाणारी जवळपास दर चौथी सिगारेट बेकायदा आहे, असा उद्योगाचा आणि उद्योगाशी जोडलेल्या संस्थांचा दावा असतो.

संशोधक मात्र दुसरं सांगतात. अर्थतज्ज्ञ रिजो जॉन आणि हाना रॉस यांनी भारतातल्या अनेक शहरांत दुकानदारांकडून सिगारेटची रिकामी पाकिटं गोळा केली आणि एकेका पाकिटावरच्या खुणा तपासल्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बेकायदा पाकिटांचं प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली निघालं. शहराशहरांत मात्र मोठा फरक होता. करवसुली आणि खपाची आकडेवारी ताडून पाहणाऱ्या आणखी एका अभ्यासात देशभरचं प्रमाण पाच ते सात टक्क्यांच्या दरम्यान आलं. पद्धती वेगळ्या असल्याने आकडे वेगळे येणारच. पण चोवीस-पंचवीस टक्के आणि पाच-सात टक्के यांतला फरक एवढा मोठा आहे, की कोणता आकडा टेबलावर ठेवला जातो यावर अर्थमंत्र्यांचा निर्णय बदलू शकतो. तस्करीचा धंदा खरा आहे आणि तिच्या भीतीचाही वापर होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे धरूनच पुढे जावं लागतं.

कॅनडाची कहाणी इथे सविस्तर सांगायला हवी. हा सगळा प्रश्न तिच्यात सुरुवातीपासून शेवटापर्यंत उलगडलेला आहे.

1980 च्या दशकात आणि 1990 च्या सुरुवातीला कॅनडाने सिगारेटवरचा कर भराभर वाढवला. सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाणही, विशेषतः तरुणांमध्ये, वेगाने खाली आलं. त्याच सुमाराला एक विचित्र गोष्ट दिसू लागली. कॅनडातल्या कंपन्यांची अमेरिकेला होणारी निर्यात एकाएकी फुगली. अमेरिकन लोकांना कॅनडाच्या चवीची सिगारेट फारशी आवडत नाही, मग एवढा माल तिकडे ओढत होतं तरी कोण?

कोणीच नाही. निर्यातीच्या मालावर कॅनडाचा कर लागत नसे. तो माल सीमेपलीकडे न्यूयॉर्क राज्यात जायचा आणि तिथून सेंट लॉरेन्स नदी ओलांडून परत यायचा. नदीच्या काठी अक्वेसास्ने ही मोहॉक आदिवासींची वस्ती आहे. तिचा काही भाग अमेरिकेत, काही ऑन्टारिओत आणि काही क्वेबेकमध्ये येतो. कोणाच्या हद्दीत कोणाचे पोलीस जाऊ शकतात याचाच तिथे गोंधळ होता. उन्हाळ्यात वेगवान होड्या आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून बर्फगाड्या पाकिटं घेऊन परत येत. माल कॅनडाचाच होता, ब्रँडही कॅनडाचेच होते, फक्त त्यावरचा कर गळून पडलेला होता.

1992 च्या फेब्रुवारीत सरकारने नेमक्या जागी बोट ठेवलं. निर्यात होणाऱ्या सिगारेटवरच, दोनशे कांड्यांच्या कार्टनमागे आठ डॉलर कर बसवला. निर्यात लगेच घसरली, म्हणजे निदान अचूक होतं. पण उद्योगाने जोरदार विरोध केला आणि जेमतेम दोन महिन्यांत तो कर मागे घेतला गेला. निर्यात पुन्हा वाढली, नदीवरची वाहतूकही वाढली. 1994 च्या फेब्रुवारीत पंतप्रधान जाँ क्रेतियाँ यांच्या सरकारने हात टेकले आणि कर कमी केला. ऑन्टारिओ आणि क्वेबेकसारख्या प्रांतांनीही आपापला कर उतरवला. तिथे कार्टनची किंमत जवळपास अर्ध्यावर आली. पश्चिमेकडच्या प्रांतांनी मात्र कर तसाच ठेवला.

त्यामुळे नकळत एक मोठा प्रयोगच झाला. पुढे संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या प्रांतांतल्या लोकांची तुलना केली. जिथे कर उतरला होता तिथे नव्याने सिगारेट धरणाऱ्यांचं प्रमाण जास्त आणि सोडणाऱ्यांचं कमी आढळलं. सरकारचा महसूल तर बुडालाच. तस्करी कमी झाली हे खरं, पण स्वस्त झालेल्या कायदेशीर सिगारेटने तिची जागा घेतली. आरोग्याच्या दृष्टीने त्यात काही कमावलं असं म्हणवत नाही.

चौदा वर्षांनी उरलेला पडदाही उघडला. 2008 मध्ये इंपीरियल टोबॅको कॅनडा आणि रोथमन्स बेन्सन अँड हेजेस या कॅनडातल्या दोन मोठ्या कंपन्यांनी त्या काळातल्या तस्करीशी संबंधित गुन्ह्याची न्यायालयात कबुली दिली. दंड 30 कोटी डॉलरचा होता आणि दिवाणी तडजोडीसह रक्कम 1.15 अब्ज डॉलरवर गेली. 2010 मध्ये जेटीआय-मॅकडोनाल्ड आणि अमेरिकेच्या आर. जे. रेनॉल्ड्सशी निगडित कंपनीबरोबर आणखी 55 कोटी डॉलरची तडजोड झाली. कर कमी करा, नाहीतर तस्करी थांबणार नाही, असं सरकारला सांगणाऱ्या उद्योगातल्याच कंपन्यांच्या मालाने ती तस्करी चालली होती.

ब्रिटनने उलटी वाट धरली. 2000 साली तिथली जवळपास दर पाचवी सिगारेट बेकायदा होती. सरकारने कर उतरवला नाही. बंदरांवर स्कॅनर बसवले, सीमाशुल्काचे अधिकारी वाढवले, पाकिटांवर कर भरल्याची खूण छापणं सक्तीचं केलं. शिवाय कंपन्यांवर एक जबाबदारी टाकली. तुमचा माल एखाद्या देशात त्या देशाच्या गरजेपेक्षा जास्त जात असेल आणि तिथून चोरून परत येत असेल, तर जाब तुम्हाला द्यावा लागेल. पुढच्या दहा-बारा वर्षांत बेकायदा सिगारेटचा वाटा निम्म्यावर आला, आणि त्या काळात कर चढतच राहिला होता.

आता आरोग्याकडे वळू. इथे गैरसमज फार आहेत, आणि त्यांतला एक फारच घातक आहे. बनावट सिगारेट वाईट, म्हणजे अस्सल सिगारेट त्यामानाने बरी, असं लोक समजतात. अस्सल सिगारेट ओढणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक अखेर तिच्यामुळेच मरतात. भारतात तंबाखूमुळे होणारे मृत्यू वर्षाला तेरा लाखांच्या वर आहेत आणि त्यांतले बहुतेक कर भरलेल्या, कायदेशीर मालाने घेतलेले आहेत. बनावट सिगारेटचा जादा धोका या प्राणघातक पायावर वरून चढतो.

तो जादा धोका मोजला गेला आहे. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये जप्त केलेल्या बनावट सिगारेटमधला तंबाखू तपासला, तेव्हा त्यात कॅडमियम आणि शिसं यांसारख्या जड धातूंचं प्रमाण अस्सल ब्रँडपेक्षा बरंच जास्त आढळलं. दोन वर्षांनी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळेने पुढचा प्रश्न विचारला, की हे धातू धुरातही उतरतात का? उतरत होते. अमेरिकन ब्रँडच्या बनावट आवृत्त्यांच्या धुरात कॅडमियम अस्सलपेक्षा दुपटीपासून सहापटीहून अधिक होतं, तर शिसं तिपटीपासून तेरापटींच्या वर होतं.

हे धातू सिगारेटमध्ये येतात कुठून? कोणी ते मुद्दाम मिसळत नाही. तंबाखूच्या झाडाला मातीतलं कॅडमियम शोषून पानांत साठवण्याची खोडच असते. जमीन मुळात दूषित असेल किंवा कॅडमियम जास्त असलेली फॉस्फेट खतं वर्षानुवर्षं टाकली गेली असतील, तर पान त्याने भरलेलं येतं. मोठ्या कंपन्या तंबाखू कुठल्या शेतातून घ्यायचा याची निवड करतात आणि वेगवेगळ्या ठिकाणचा तंबाखू एकत्र करतात. बनावट माल बनवणाऱ्याला स्वस्तात मिळेल ते पान चालतं. पान कुठून आलं हे विचारणारं त्या साखळीत कोणीच नसतं.

कॅडमियम पोटातून गेलं तर शरीर त्याचा थोडाच भाग शोषतं. फुप्फुसातून गेलं तर कितीतरी जास्त शोषलं जातं, म्हणून धुराची वाट जास्त वाईट. शरीरात शिरलेलं कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि ते निम्म्यावर यायला दहा ते तीस वर्षं लागतात. मूत्रपिंड हळूहळू निकामी होणं, हाडं ठिसूळ होणं आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. शिशाचा मार लहान मुलांच्या मेंदूवर सर्वांत जास्त बसतो. घरात ओढलेल्या सिगारेटचा धूर मुलांपर्यंत जातो, एवढं सांगितलं तरी पुरे.

लवंगेच्या सिगारेटचा धोका निराळा आहे. लवंगेतलं युजेनॉल घसा बधिर करतं. दात दुखताना लवंगेचं तेल लावतात ते याच गुणासाठी. धूर घशाला बोचत नाही म्हटल्यावर नवशिक्या मुलगाही खोल झुरका घेऊ शकतो. अमेरिकेने 2009 मध्ये लवंगेच्या सिगारेटवर बंदी घातली, ती मुलांना चटक लावणाऱ्या स्वादांवरच्या बंदीचाच भाग होती.

तरीही माझ्या मते जड धातूंपेक्षा मोठा जादा धोका पाकिटाच्या बाहेर आहे. भारतात 1 एप्रिल 2016 पासून सिगारेटच्या पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा 85 टक्के भाग चित्रासह इशाऱ्याने व्यापलेला असावा लागतो. 2018 पासून त्यावर व्यसन सोडण्यासाठीच्या मोफत मदतवाहिनीचा 1800-11-2356 हा क्रमांकही छापला जातो. तस्करीच्या पाकिटावर यातलं काहीच नसतं. गुळगुळीत, सोनेरी कडांचं, परदेशी अक्षरांचं ते पाकीट हातात खेळवावंसं वाटतं. पिचकलेल्या फुप्फुसाचं किंवा गळ्याच्या गाठीचं चित्र पाहून हात मागे घेण्याचा जो क्षण कायद्याने निर्माण केला, तो इथे येतच नाही. वर किंमतही कमी. कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या मुलासाठी ही जोडी कॅडमियमपेक्षा जास्त काम करते.

सुट्या विक्रीने तर ओळखण्याची उरलीसुरली सोयही जाते. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुटी सिगारेट आणि बिडी विकण्यावर बंदी घातली. पण मुंबईत कुठल्याही टपरीसमोर दहा मिनिटं उभं राहिलं तर काय चालतं ते दिसतं. दोरीला बांधलेला लायटर लटकत असतो आणि गिऱ्हाईक एक कांडी घेऊन तिथेच पेटवतं. पाकीट काउंटरच्या आतच राहतं. त्यावर इशारा आहे की नाही, रुपयांत किंमत आहे की नाही, आयातदाराचं नाव आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. नेमक्या याच तीन खुणांवरून बेकायदा पाकीट ओळखता येतं. बनावट पाकिटात आणखी एक तपासण्याजोगी गोष्ट असते. छपाईचा रंग किंचित उडालेला असतो आणि सेलोफेनची घडी ओबडधोबड असते. कांड्या हातात घेतल्या तर काही सैल, काही गच्च भरलेल्या लागतात. पण चांगल्या यंत्रावर छापलेला बनावट माल या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही.

इशारा नसलेलं पाकीट विकणाऱ्याला 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कैद क्वचितच होते आणि हजार रुपये तर अशा पाकिटांची थोडी विक्री झाली की भरून निघतात. साखळीतला सर्वांत दुबळा माणूस टपरीवाला असतो, तरी पकडला जातो बहुधा तोच. ज्याच्या नावाने कंटेनर आला तो आयातदार अनेकदा कागदावरच असतो. कुणाचं तरी ओळखपत्र वापरून उघडलेली कंपनी, दोन-तीन खेपा झाल्या की बंद.

म्हणूनच या विषयातले जाणकार जप्तीपेक्षा माग ठेवण्यावर जास्त भर देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी 2012 मध्ये दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये तंबाखूच्या अवैध व्यापाराविरुद्धचा करार मंजूर केला. भारत 2018 मध्ये त्यात सामील झाला आणि त्याच वर्षी तो जगभर लागू झाला. कराराचा गाभा असा, की प्रत्येक पाकिटावर न पुसता येणारी आणि त्याच पाकिटाची अशी खूण असावी. कुठल्या कारखान्यात, कुठल्या यंत्रावर, कधी बनलं आणि कुठल्या बाजारासाठी निघालं, हे त्या खुणेवरून कळलं पाहिजे. मग कॅनडातल्यासारखा ‘निर्यात’ झालेला माल गावात सापडला तर तो कुणाच्या दारातून बाहेर पडला हे सांगता येतं. ही यंत्रणा सिगारेट कंपन्यांच्या हाती सोपवायची नाही, असंही करारात स्पष्ट लिहिलेलं आहे. कॅनडाचा अनुभव पाहिलेल्यांना त्याचं कारण समजावून द्यावं लागत नाही.

भारतात 2025 च्या अर्थसंकल्पाबरोबर जीएसटी कायद्यात 148अ हे कलम आलं. करचोरी जास्त होणाऱ्या मालावर अशी एकमेव ओळखखूण लावणं सक्तीचं करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. देशातल्याच कारखान्यात रात्रपाळीला निघणाऱ्या, वहीत न चढणाऱ्या मालासाठी हे कलम सर्वांत उपयोगाचं ठरू शकतं, कारण खूण नसलेलं पाकीट वितरकाच्या गोदामातच उघडं पडतं. न्हावा शेवाला चिंचेआड आलेल्या मालावर मात्र अशी खूण कधीच नसणार. त्याच्यासाठी घाऊक बाजारातल्या आणि टपरीवरच्या तपासनिसाच्या हातात ती खूण वाचणारं यंत्र द्यावं लागेल, आणि सुट्या विक्रीवरची बंदी कागदावरून रस्त्यावर आणावी लागेल.